चिन्हाची पहिली चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे, हे कसं शोधायचं

आठवीच्या वहीत एकचल समीकरण असं सोडवलेलं आहे. बोलायला सोपं जावं म्हणून ओळींना क्रमांक दिलेत.

```
1)  (2x + 1)/3 − (x − 4)/2 = 4
2)  2(2x + 1) − 3(x − 4) = 24
3)  4x + 2 − 3x − 12 = 24
4)  x − 10 = 24
5)  x = 24 − 10
6)  x = 14
```

उत्तर 10 यायला हवं होतं, आलंय 14. अशा उत्तराखाली लाल फुली पडते आणि बाजूला शेरा येतो, ‘चिन्हाकडे लक्ष दे’. मुलगी घरी जाऊन सहाच्या सहा ओळी पुन्हा वाचते आणि तिला त्यात काहीच खटकत नाही. खटकणारही नाही, कारण ज्या समजुतीने तिने ओळ लिहिली, त्याच समजुतीने ती आता वाचतेय. चूक कुठल्या ओळीत आहे, कुठल्या पदात आहे आणि तिथे काय असायला हवं होतं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या शेऱ्याचा तिला उपयोग नाही.

शिकवणाऱ्याच्या नजरेवरही इथे फार विसंबू नये. रोज पन्नास वह्या पाहणाऱ्या डोळ्याला जे असायला हवं तेच दिसतं. −12 च्या जागी तो न कळत +12 वाचून पुढे जातो. म्हणून ओळी नुसत्या वाचायच्या नाहीत, प्रत्येक ओळीत किंमत घालून ती खरी ठरते का ते पाहायचं. सरावाने एका उदाहरणाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बरोबर उत्तर घेऊन वरून खाली

समीकरण सोडवताना प्रत्येक नवी ओळ ही आधीच्याच ओळीचं दुसरं रूप असते. त्यामुळे मूळ समीकरणाची उकल प्रत्येक ओळीत घातली, तर डावी आणि उजवी बाजू सारखी यायलाच हवी. ज्या ओळीत ती सारखी येत नाही, ती पहिली खोटी ओळ. चूक तिच्यात आणि तिच्या लगेच वरच्या खऱ्या ओळीत, म्हणजे त्या दोन ओळींमधल्या पायरीत झालेली असते.

आधी स्वतः कोऱ्या कागदावर समीकरण सोडवा आणि उत्तराचा ताळा मूळ समीकरणातच करा. x = 10 ठेवलं की पहिल्या ओळीत 21/3 − 6/2, म्हणजे 7 − 3 = 4. उजवीकडे 4 आहे, म्हणजे आपलं उत्तर पक्कं. आता खाली उतरायचं. दुसऱ्या ओळीत 2 × 21 − 3 × 6 = 42 − 18 = 24. उजवीकडेही 24. छेद काढण्याची पायरी निर्दोष आहे, तिथे आता पुन्हा पाहायचं कारण नाही. तिसऱ्या ओळीत 40 + 2 − 30 − 12 = 0 येतं आणि उजवीकडे 24 आहे. ओळ खोटी.

म्हणजे चूक कंस सोडवताना झाली. हे −3(x − 4) नीट पाहायच्या आधीच कळलं, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दोन ओळींबद्दल मुलीला शाबासकी देता येईल इतकी खात्री आपल्याला आली.

तफावतीची निम्मी

पहिल्या खोट्या ओळीवरच थांबा आणि दोन्ही बाजूंमधला फरक काढा. डावीकडे 0, उजवीकडे 24, फरक 24. याची निम्मी 12. आता त्या ओळीत 12 किमतीचं पद शोधा. ते शेवटचं −12 आहे. चिन्ह त्याचंच चुकलंय.

हे जुळतं ते योगायोगाने नाही. +12 च्या जागी −12 लिहिलं तर आधी ते 12 मिळायचे राहिले आणि वर आणखी 12 वजा झाले, म्हणजे बेरीज 24 ने हलली. चिन्ह उलटलं की फरक नेहमी त्या पदाच्या दुप्पट पडतो. फरकाची दिशाही कामाची आहे: डावी बाजू अपेक्षेपेक्षा कमी आली तर डावीकडच्या एखाद्या अधिक पदाला वजा लागलंय, जास्त आली तर वजा पदाला अधिक लागलंय. चूक उजव्या बाजूला असेल तर हेच उलट वाचायचं.

पदात x असेल तर त्या पदाची किंमत काढून ताडायची. समजा दुसऱ्या एका मुलाने तिसरी ओळ 4x + 2 + 3x + 12 = 24 अशी लिहिली. x = 10 ठेवल्यावर डावीकडे 84 येतात, 60 जास्त. निम्मे 30, आणि 3x ची किंमत बरोबर 30. त्याची चूक x च्या पदात आहे, 12 त्याने बरोबर लिहिलेत. दोघांचाही कंस चुकलाय, पण दोघांना सांगायचं वेगवेगळं आहे.

निम्मा आकडा कुठल्याच पदाशी जुळला नाही, तर चूक बहुतेक चिन्हाची नसतेच. 4x + 1 − 3x + 12 = 24 अशी ओळ असेल तर डावीकडे 23 येतात, फरक 1. निम्मा अर्धा, आणि अर्ध्या किमतीचं पद ओळीत नाही. इथे 2 ने कंसातल्या 1 ला गुणायचं राहून गेलंय. अशा मुलाला चिन्हाचे नियम ऐकवण्यात वेळ घालवू नका.

एक पथ्य मात्र पाळायचं. निम्म्याचा हा हिशेब पहिल्या खोट्या ओळीतच करायचा. खालच्या ओळींत पदं एकत्र झालेली असतात, कधी बाजूंना एखाद्या संख्येने भागलेलं असतं, त्यामुळे तिथल्या फरकावरून पद ओळखू येत नाही. आणि ओळीत एकाच किमतीची दोन पदं निघाली तर दोन्ही वरच्या ओळीशी ताडून पाहायची.

मुलीचं उत्तर घेऊन खालून वर

इथवर पहिली चूक सापडली. पण या वहीत आणखी काही आहे का? x = 10 घेऊन ते कळणार नाही, कारण एकदा घसरल्यावर खालच्या ओळी सहसा खोट्याच येतात. त्यासाठी मुलीचं स्वतःचं उत्तर, 14, घ्यायचं आणि उलट, खालून वर चढायचं.

सहावी ओळ अर्थातच खरी. पाचवीत 24 − 10 = 14, खरी. चौथीत 14 − 10 = 4, उजवीकडे 24. खोटी. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या ओळींमध्येही एक चूक आहे. फरक 20, निम्मे 10, आणि चौथ्या ओळीत −10 समोरच आहे: ते पलीकडे नेताना +10 व्हायला हवं होतं.

बरोबर उत्तर घेऊन वरून उतरलं की पहिली चूक सापडते. विद्यार्थ्याचं उत्तर घेऊन खालून चढलं की शेवटची चूक सापडते. दोन्ही वाटा एकाच पायरीपाशी येऊन थांबल्या तर चूक एकच आहे, असं धरायला हरकत नाही. या मुलीने फक्त कंसाचीच चूक केली असती तर तिचं उत्तर 34 आलं असतं. 34 घेऊन खालून चढलं तर तिसरी ओळ 136 + 2 − 102 − 12 = 24 अशी खरी येते आणि दुसऱ्या ओळीत 138 − 90 = 48 निघतात. म्हणजे खालूनही आपण दुसऱ्या-तिसऱ्या ओळींच्या मध्येच पोहोचलो असतो.

या 34 चा आणखी एक उपयोग आहे. तिसऱ्या ओळीतून चौथी नीट निघाली का, हे त्याने ठरतं: 34 − 10 = 24, खरी. चुकीच्या ओळीतून पुढचं काम मात्र बरोबर केलंय. सरूप पदं तिला एकत्र करता येतात. पायरीवार गुण देताना हे पाहायलाच हवं, नाहीतर एका चुकीसाठी तीनदा गुण कापले जातात.

उत्तर बरोबर, कृती चूक

ज्या वहीत उत्तर बरोबर आहे तिथे कुणी ओळी तपासत नाही. पण हे बघा:

```
1)  5 − (2 − x) = 9
2)  5 − 2 − x = 9
3)  3 − x = 9
4)  x = 9 − 3
5)  x = 6
```

उकल खरोखर 6 आहे. पण x = 6 दुसऱ्या ओळीत घाला: 5 − 2 − 6 = −3, उजवीकडे 9. खोटी. तिसरीही खोटी. चौथी पुन्हा खरी. मध्ये दोन ओळी खोट्या आणि दोन्हीकडे खऱ्या, असं दिसलं की समजायचं, दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. कंस सोडताना x चं चिन्ह चुकलं आणि तिसरीतून चौथीत येताना x समोरचा वजा गळून पडला. हे उदाहरण तसंच सोडून दिलं, तर मुलाच्या मनात दोन्ही गोष्टी बरोबर म्हणून पक्क्या होतात.

उकल गैरसोयीची असेल तेव्हा

उत्तर 37/11 असं काही आलं तर प्रत्येक ओळीत ते घालणं जिवावर येतं. मग उकल सोडा, कुठलीही सोयीची संख्या घ्या आणि प्रत्येक ओळीत डावी बाजू वजा उजवी बाजू काढा. दोन्ही बाजूंना सारखंच मिळवलं किंवा वजा केलं तर हा आकडा बदलत नाही. दोन्ही बाजूंना 6 ने गुणलं तर तो सहापट होतो, 6 ने भागलं तर एक षष्ठांश. याशिवाय दुसरा काही बदल दिसला तर ती ओळ चुकली.

आपल्याच उदाहरणात x = 7 घेऊ. पहिल्या ओळीत 5 − 1.5 − 4 = −0.5. दुसऱ्या ओळीत 30 − 9 − 24 = −3, बरोबर सहापट. तिसऱ्या ओळीत 28 + 2 − 21 − 12 − 24 = −27. आकडा −3 च राहायला हवा होता, तो 24 ने घसरला. निम्मे 12. तेच पद पुन्हा सापडलं.

संख्या निवडताना 0 टाळा, कारण x ची सगळी पदं नाहीशी होतात आणि त्यांची चिन्हं तपासलीच जात नाहीत. घातांक असतील तर 1 टाळा, कारण x आणि x² एकच दिसतात. कंस शून्य करणारी संख्याही नको. इथे 4 घेतलं असतं तर (x − 4) च्या पुढचं चिन्ह काहीही असलं तरी चाललं असतं. ऋण संख्या घेतलीच तर ती कंसात लिहूनच घाला, −(−3)² असं, नाहीतर मुलाची चूक शोधताना आपलीच एक व्हायची.

बैजिक राशी सोपी करायची असेल तर उकल नसतेच, तिथे हीच पद्धत चालते. (3a − 2b) − (a − 5b) चं उत्तर मुलाने 2a − 7b काढलं. a = 10, b = 1 ठेवा. मूळ राशी 28 − 5 = 23, मुलाची 20 − 7 = 13. फरक 10, निम्मे 5, म्हणजे 5b. दोन्ही अक्षरांना एकच किंमत मात्र देऊ नका. a − b च्या जागी b − a लिहिलेलं असेल तर दोन्हीकडे 0 येऊन चूक लपते.

वर्गसमीकरणात ही तपासणी दोन्ही मुळं घेऊन करावी लागते. x² = 49 नंतर लगेच x = 7 लिहिलं असेल तर 7 घातल्यावर सगळं खरं दिसतं. −7 घातल्यावरच कळतं की एक मूळ हरवलंय.

ओळ सापडली, आता कारण

−3(x − 4) चं −3x − 12 का झालं? वहीत दिसणारं चिन्ह एकच, पण त्यामागची कारणं निदान तीन असू शकतात. एकाला वाटतं, कंसाबाहेरचा वजा पहिल्या पदापुरताच आहे. −3x लिहिताना तो खर्च झाला, मग 3 आणि −4 यांचे −12. दुसऱ्याला ऋण गुणिले ऋण किती हेच नक्की माहीत नाही. तिसऱ्याचं नुसतं घाईत वरच्या ओळीतलं चिन्ह खाली उतरलंय.

हे ओळखायला दोन छोटे प्रश्न पुरतात. पहिला, (−3) × (−4) किती? −12 म्हणाला तर गुणाकाराचा नियमच कच्चा आहे. 12 म्हणाला तर दुसरा प्रश्न, −3(x + 4) सोडव. इथे −3x + 12 लिहिलं, तर वजा पहिल्याच पदावर संपतो ही समजूत उघडी पडली. −3x − 12 लिहिलं तर बहुधा घाई होती. मूळ ओळ त्यालाच पुन्हा सोडवू द्या, तो स्वतःच पकडेल.

पहिल्या समजुतीच्या मुलाला नियम पुन्हा सांगून भागत नाही, कारण नियम त्याला येतो. त्याला कंस म्हणजे काय हे दिसायला हवं. समजा सांगलीच्या गणपती पेठेत 320 रुपयांची हळद घेतली, दुकानदाराने 20 रुपये सूट दिली आणि तुम्ही 500 ची नोट दिली. परत किती? 500 − (320 − 20), म्हणजे 200. आता कंस मुलासारखा सोडू: 500 − 320 − 20 = 160. सूट मिळाली, पण ती वर आपल्याकडूनच वसूल झाली. दुकानातून कुणी असे पैसे घेऊन घरी येणार नाही. 500 मधून पूर्ण 320 वजा केले तर 20 जास्त वजा झाले, ते परत मिळवायलाच हवेत, म्हणून +20. आणि फरक बघा, 40, सुटीच्या दुप्पट.

गुणाकाराचा नियमच डळमळीत असेल तर ओळीने लिहून दाखवा: (−3) × 2 = −6, (−3) × 1 = −3, (−3) × 0 = 0. दरवेळी 3 ने वाढतंय. मग पुढे (−3) × (−1) किती, हे मुलगाच सांगतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये धन आणि ऋण यांचे नियम लिहिले, त्यात दोन ऋणांचा गुणाकार धन हे आहेच. ‘ऋण’ हा शब्द आपल्याकडे कर्जाचाच आहे, तेव्हा कर्ज काढून टाकलं की माणूस तितका सुधारतो, हे मुलांना पटतं.

पलीकडे नेताना

चौथ्या-पाचव्या ओळींमधली चूक वेगळ्या घरची आहे. x − 10 = 24 वरून x = 24 − 10. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य आपणच शिकवतो आणि त्याचाच त्रास होतो, कारण ते केव्हा लागू आणि केव्हा नाही हे त्या वाक्यात नाही. या मुलीने चिन्ह बदललं नाही. दुसरा मुलगा −3x = 12 वरून x = 12/3 = 4 लिहितो; त्याने नको तिथे बदललं. −3 हे पद नाही, सहगुणक आहे. तो गुणाकारात आहे, म्हणून पलीकडे भागाकारात जातो आणि आपलं चिन्ह सोबत नेतो: x = 12/(−3) = −4.

दोघांनाही उपाय एकच. गाळलेली ओळ लिहायला लावा. x − 10 + 10 = 24 + 10, आणि दुसऱ्याकडून (−3x)/(−3) = 12/(−3). दोन्ही बाजूंना काय केलं हे डोळ्यांसमोर आलं की पलीकडे नेण्याची गरजच उरत नाही. ती ओळ आठ-पंधरा दिवस सक्तीची ठेवा, मग आपोआप गळून पडू द्या.

वहीत काय लिहायचं

लाल गोल एकच, पहिल्या चुकीच्या पदाभोवती. शेजारी असं: ‘ओळ 2 पर्यंत सगळं बरोबर. ओळ 3 मध्ये −3 ने −4 ला गुणलं की +12. तिथून पुढे पुन्हा सोडव.’ दुसऱ्या चुकीला पेन्सिलीने बारीक खूण करा, पण आज तिच्याबद्दल बोलू नका. मुलगी पुन्हा सोडवेल तेव्हा चौथी ओळ x + 14 = 24 अशी येईल. तिने x = 24 + 14 लिहिलं तर पलीकडे नेण्याची अडचण खरी आहे. x = 24 − 14 लिहिलं तर नुसतं तेवढ्यावर खात्री धरू नका, कारण तिने कदाचित चिन्ह बदललं नसेल, ‘पलीकडे गेलं की वजा’ एवढंच केलं असेल; मघाशीही तिने वजाच लिहिला होता.

म्हणून दोन-तीन दिवसांनी एक प्रश्न द्या, 5 − 2(3 − x) = 9. याची गंमत अशी की प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं. सगळं नीट केलं तर 5. वजा फक्त पहिल्या पदाला लावला तर −5. कंस बरोबर सोडवला पण −1 पलीकडे नेताना वजाच ठेवला तर 4. दोन्ही चुका केल्या तर −4. आणि 5 मधून 2 आधीच वजा करून 3(3 − x) = 9 केलं तर 0. उत्तर ऐकल्याबरोबर कुठे बोट ठेवायचं हे कळतं. फक्त 5 आणि 4 या दोन उत्तरांना मधल्या ओळी पाहिल्याशिवाय सोडू नका: कंस चुकवून −2x = 10 पर्यंत आलेल्या मुलाने तिथे वजा गाळला तर त्याचंही उत्तर 5 च येतं, आणि −2x = 8 वर गाळला तर 4. कंस सोडवलेल्या ओळीत +2x आहे की −2x, तेवढं पाहा.